भाऊ सूर्य, बहीण चंद्र: भाषांतरात नामाचे लिंग उलटते तेव्हा

कविता मराठीत आणणाऱ्यांच्या हातून एक चूक वारंवार होते. मूळ भाषेत चंद्र स्त्रीलिंगी असतो आणि कवीने त्याला बहीण किंवा प्रेयसी केलेले असते. भाषांतरकार शब्दकोश उघडतो, चंद्राला स्त्रीलिंगी पर्याय शोधतो, ‘चंद्रिका’ किंवा ‘ज्योत्स्ना’ सापडली की ती ओळीत बसवतो आणि पुढे जातो. व्याकरण जुळते, पण आकाशातला चंद्र नाहीसा होऊन नुसते चांदणे उरते. शब्द शोधणे ही खरे तर शेवटची पायरी आहे. तिच्याआधी काय ठरवायचे आणि कोणत्या क्रमाने, ते एकाच कवितेवर काम करत पाहू.

कविता आहे संत फ्रान्सिस ऑफ असिसी यांचे सृष्टिस्तोत्र. इटलीतल्या उंब्रिया भागाच्या बोलीत ते 1225 च्या सुमारास रचले गेले आणि मृत्यूचे कडवे 1226 मध्ये, फ्रान्सिस यांच्या अखेरच्या दिवसांत जोडले गेले. त्यात सृष्टीतल्या एकेका गोष्टीला भाऊ किंवा बहीण म्हटले आहे आणि तिच्यासाठी देवाची स्तुती केली आहे. मराठीत हे स्तोत्र नेमके तीन ठिकाणी अडते, आणि तिन्ही ठिकाणची अडचण वेगळी आहे. सरावाला म्हणूनच ते उत्तम.

## तयारी: आधी यादी, मग ओळी

पहिली ओळ लिहिण्यापूर्वी कागदावर तीन रकाने आखा: मूळ नाम आणि त्याचे लिंग, कवीने दिलेले नाते, नेहमीचा मराठी शब्द आणि त्याचे लिंग. सृष्टिस्तोत्राची यादी अशी होते:

1. सोले, पुल्लिंगी, भाऊ. मराठीत सूर्य, पुल्लिंगी.
2. लूना, स्त्रीलिंगी, बहीण. मराठीत चंद्र, पुल्लिंगी.
3. वेंतो, पुल्लिंगी, भाऊ. मराठीत वारा, पुल्लिंगी.
4. अक्वा, स्त्रीलिंगी, बहीण. मराठीत पाणी, नपुंसकलिंगी.
5. फोको, पुल्लिंगी, भाऊ. मराठीत अग्नी, पुल्लिंगी.
6. तेर्रा, स्त्रीलिंगी, बहीण आणि आई. मराठीत धरणी, स्त्रीलिंगी.
7. मोर्ते, स्त्रीलिंगी, बहीण. मराठीत मृत्यू, पुल्लिंगी.

सातांपैकी चार आपोआप जुळतात. अडतात ते चंद्र, पाणी आणि मृत्यू.

यादीत आणखी एक नोंद हवी: कवी त्या वस्तूविषयी बोलतो आहे की तिच्याशी बोलतो आहे? या स्तोत्रात ‘तू’ म्हणजे फक्त देव, बाकी सगळे तृतीयपुरुषी. ही सोय आहे. कविता थेट चंद्राला उद्देशून असती, तर पहिल्याच हाकेला ‘अरे’ की ‘अगं’ हे ठरवावे लागले असते आणि पुढे ‘आलास’ की ‘आलीस’ हेही. संबोधनाची कविता दुप्पट कठीण जाते, हे आधीच लक्षात असू द्या.

इशारा: यादी इंग्रजी भाषांतरावरून करू नका. इंग्रजीत नामांना व्याकरणाचे लिंग जवळजवळ नाहीच, त्यामुळे मुळातले लिंग तिथे पुसलेले असते किंवा भाषांतरकाराने स्वतःच्या मनाने दिलेले असते. मूळ भाषा येत नसेल, तरी प्रत्येक नामाचे लिंग त्या भाषेच्या कोशात पाहून घ्या.

## टप्पा 1: लिंगावर अर्थाचा किती भार आहे, ते ठरवा

मूळ नाम स्त्रीलिंगी आहे एवढ्यावरून मराठीत ते स्त्रीलिंगी करायची गरज नसते. फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी असते, म्हणून कोणी मराठीत टेबलाची बाई करत नाही. कवितेतले काही त्या लिंगावर उभे आहे का, एवढेच विचारायचे.

भार ओळखण्याचे प्रसिद्ध उदाहरण हाइनेच्या जर्मन कवितेचे आहे. 1823 मध्ये छापलेल्या या छोट्या कवितेत उत्तरेकडच्या उघड्या डोंगरावर बर्फाखाली एक सूचिपर्णी वृक्ष एकटा उभा आहे आणि दूर पूर्वेकडच्या तापल्या कड्यावरच्या ताडवृक्षाचे स्वप्न पाहतो आहे. जर्मनमध्ये पहिला वृक्ष पुल्लिंगी आणि दुसरा स्त्रीलिंगी. म्हणजे ही दुरावलेल्या प्रियकराची कविता. लेर्मोंतोव्हने ती रशियनमध्ये आणताना पहिल्या वृक्षाला ‘सस्ना’ हा शब्द घेतला. तो स्त्रीलिंगी आहे, आणि ताडही स्त्रीलिंगी. कविता सुंदरच राहिली, पण विरहाची न राहता एकाकीपणाची झाली. त्याच्या आधी त्युत्चेव्हने मात्र वृक्षच बदलून पुल्लिंगी ‘केद्र’ घेतला होता, कारण त्याला जोडी टिकवायची होती. मराठीत हीच अडचण दुसऱ्या टोकाला येते: देवदार पुल्लिंगी, पण ताड आणि माडही पुल्लिंगीच. ‘शिंदी’ स्त्रीलिंगी आहे खरी, पण ती म्हटली की वाचकाला आधी मडके आठवते.

सृष्टिस्तोत्रात भार किती आहे? यादी पुन्हा वाचा. भाऊ सूर्य, बहीण लूना. भाऊ वारा, बहीण अक्वा. भाऊ अग्नी, बहीण धरणी. भाऊ-बहिणीच्या तीन जोड्या एकामागून एक येतात आणि मग मृत्यू एकटीच येते, जोडीदाराशिवाय. सगळी रचनाच या आळीपाळीवर उभी आहे. एक बहीण भाऊ झाली की जोडी मोडते आणि शेवटच्या बहिणीचे एकटे येणेही कळेनासे होते. त्यामुळे इथे लिंग सोडून देता येत नाही.

तपासणी: मनातल्या मनात लिंग उलटे करून ओळ वाचा. अर्थात काहीच फरक पडला नाही, तर इथेच थांबा. नेहमीचा मराठी शब्द त्याच्या लिंगासह घ्या आणि पुढचे टप्पे सोडून द्या. बऱ्याच कवितांचे काम एवढ्यावर संपते, आणि तिथे उगीच खटाटोप केला तर कविता अवघडते.

## टप्पा 2: मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कोण उभे राहते?

व्याकरणातले लिंग वेगळे आणि मनातली मूर्ती वेगळी. या टप्प्याला बहुतेक जण येतच नाहीत, आणि पुढची अवघड वळणे इथूनच निघतात.

चंद्र. मराठी वाचकासाठी तो नुसता पुल्लिंगी शब्द नाही. लहानपणापासून तो चांदोमामा आहे, म्हणजे आईचा भाऊ. पुराणांत तो दक्षाच्या सत्तावीस कन्यांचा, म्हणजे नक्षत्रांचा, नवरा आहे आणि रोहिणी त्याची लाडकी. ‘बहीण’ या नात्याला इथे व्याकरणापेक्षा मामा जास्त अडवतो.

पाणी. इथे उलट परिस्थिती आहे. शब्द नपुंसकलिंगी आणि डोळ्यांसमोर कोणी पुरुष नाही. वाहत्या पाण्याला आपण गंगामाई, कृष्णामाई म्हणतो, तेव्हा स्त्रीरूप जवळच असते. मराठीत पुल्लिंगाकडून स्त्रीलिंगाकडे जाणे कष्टाचे, पण नपुंसकलिंगाकडून स्त्रीलिंगाकडे जाणे सोपे. ‘पोरगं’ म्हणतो ती मुलगीही असू शकते, आणि पुढच्याच वाक्यात तिला ‘ती’ म्हटले तर कानाला खटकत नाही.

मृत्यू. शब्द पुल्लिंगी आणि मागे रेड्यावर बसलेला यम. तरी आपल्याच परंपरेत मृत्यू स्त्रीही आहे. महाभारताच्या शांतिपर्वात ब्रह्मदेव प्रजेचा भार कमी करण्यासाठी जिला उत्पन्न करतो ती मृत्यू स्त्री आहे. प्राणिमात्रांना मारायच्या कल्पनेने ती रडते, काम नाकारते, तप करत राहते, आणि तिचे अश्रू पुढे रोग होतात. स्त्री-मृत्यू म्हणजे परदेशी कल्पना, असे समजून बिचकू नका. मूर्ती आहे, फक्त रोजच्या बोलण्यात नाही.

जुळणाऱ्या चार नामांकडेही याच नजरेने एकदा पाहा, कारण तिथे उलटा धोका असतो. सूर्य पुल्लिंगी आहे म्हणून निश्चिंत होऊन कोणी ‘सूर्यनारायण’ किंवा ‘सूर्यदेव’ लिहितो. फ्रान्सिस यांचा सूर्य देव नाही. तो देवाने घडवलेला, आपल्यासारखाच, म्हणून तर भाऊ. ‘नारायण’ जोडला की स्तोत्राचा अर्थ उलटा होतो, आणि लिंग जुळलेले असल्यामुळे ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. पाण्याला ‘गंगामाई’ करण्यातही तेच: बहीण पुसली जाऊन तिथे आई आणि देवी येते.

## टप्पा 3: उपाय, या क्रमाने

पहिला उपाय साधला तर दुसऱ्याकडे जाऊ नका.

पहिला: नातेच वाक्याचा कर्ता करा. ‘चंद्र’ या शब्दाला स्त्री बनवण्याऐवजी ‘बहीण’ या शब्दाला पुढे ठेवा, म्हणजे क्रियापद, विशेषण आणि सर्वनाम तिच्यामागे जातात. मराठीत यासाठी तयार वाट आहे. ‘मृत्यू हा माझा मित्र’, ‘मृत्यू ही अटळ गोष्ट’. दोन्ही वाक्यांत कर्ता तोच, पण ‘हा’ आणि ‘ही’ मागून येणाऱ्या शब्दाचे लिंग घेतात. म्हणून ‘पाणी ही बहीण’ आणि ‘मृत्यू ही बहीण’ ही निखळ मराठी वाक्ये आहेत. त्यांत कुठेही ओढाताण नाही, आणि ‘ही’ ओलांडली की पुढे ‘ती’, ‘तिचे’, ‘तिला’ निर्धास्त वापरता येते. जर्मनमध्ये हेच स्तोत्र आणताना हाच मार्ग घेतला गेला. जर्मन सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी, म्हणजे दोन्ही उलटे. तरी ‘ब्रूडर’ आणि ‘श्वेस्टर’ ही नाती तशीच ठेवून भाऊ सूर्य आणि बहीण चंद्र तिथे रूढ झाले.

दुसरा: सामान्यनामाचे विशेषनाम करा. माणसाचे नाव झालेला शब्द कोशातले लिंग सोडून त्या माणसाचे लिंग घेतो. कोशात ‘कमळ’ नपुंसकलिंगी, पण ‘कमळ माहेरी आली’ हे बरोबर. ‘किरण आला’ आणि ‘किरण आली’ दोन्ही घरोघर चालते. ‘इंदू’ म्हणजे चंद्र, संस्कृतात पुल्लिंगी. पण महाराष्ट्रात इंदू हे बाईचे नाव. ‘इंदू आली’ ऐकून कोणी दचकत नाही. अर्थाने पूर्ण चंद्र आणि वापराने पूर्ण स्त्री असा दुसरा शब्द मला मराठीत सापडलेला नाही. सूर्यासाठीही अशीच सोय आहे: ‘सविता’ मूळचा पुल्लिंगी सूर्यवाचक शब्द, पण आपल्याकडे मुलीचे नाव. जर्मन कवितेतला स्त्रीलिंगी सूर्य आई किंवा वधू म्हणून येत असेल, तर हा शब्द आजमावून पाहावा.

नावाने लिंग फिरवणे ही युक्ती हाइनेनेही वापरली आहे. समुद्रावरच्या सूर्यास्ताच्या कवितेत त्याला सूर्य-चंद्राचे एकेकाळचे लग्न सांगायचे होते, पण सूर्याला नवरा आणि चंद्राला बायको करून. जर्मन व्याकरण याच्या नेमके उलटे. म्हणून लग्नाची गोष्ट सुरू होताच त्याने जर्मन शब्द बाजूला ठेवून ‘लूना’ आणि ‘सोल’ ही लॅटिन नावे घेतली.

इशारा: नावाचा उपाय एका कवितेत एकदाच करा. इंदू, सविता आणि सरिता एकत्र आल्या की स्तोत्राऐवजी वर्गाची हजेरी वाटते.

तिसरा: स्त्रीलिंगी पर्यायी शब्द. हा सर्वांत शेवटी, कारण इथे वस्तूच बदलते. ‘चंद्रिका’, ‘ज्योत्स्ना’, ‘कौमुदी’ म्हणजे चंद्राचा प्रकाश. ‘चंद्रकोर’ म्हणजे फक्त कोर, पौर्णिमेच्या चंद्राला ती चालत नाही. ‘पौर्णिमा’ ही तिथी. ‘चांदणी’ घेणारे तर हिंदीत फसलेले असतात: हिंदीत तिचा अर्थ चंद्रप्रकाश, मराठीत तारा. मूळ ओळीत चंद्राचा प्रकाशच बोलत असेल तर ‘ज्योत्स्ना’ जरूर घ्यावी. चंद्र बोलत असेल तर नको.

मृत्यूच्या बाबतीत याच टप्प्यावर आणखी एक खड्डा आहे. हिंदीत ‘मृत्यु’ आणि ‘मौत’ दोन्ही स्त्रीलिंगी. त्या कानाने कोणी ‘देहाची मृत्यू’ लिहितो. मराठी वाचकाला त्यात बहीण दिसत नाही, फक्त व्याकरणाची चूक दिसते.

## टप्पा 4: ओळी बांधणे

आता तिन्ही अडलेल्या जागा प्रत्यक्ष सोडवू. आधी सूर्य, कारण सगळ्याचा सूर तो लावतो. मुळात फक्त त्याच्याच नावाआधी मानाचे संबोधन आहे, इतर कोणा भावाला नाही. मराठीत तो मान आदरार्थी बहुवचनाने सहज येतो:

> स्तुती असो तुझी, प्रभो, बंधुराज सूर्यासाठी:
> ते देखणे, तेजाने न्हालेले, तुझीच खूण त्यांच्या अंगी.

वारा आणि अग्नी मात्र ‘तो’. मोठ्या भावाला ‘ते’ आणि पाठच्यांना ‘तो’, हे मराठी घरात वेगळे सांगावे लागत नाही.

चंद्र. पहिला मसुदा बहुधा असा होतो: ‘बहीण चंद्रासाठी आणि ताऱ्यांसाठी’. मोठ्याने वाचा. ‘बहीण’ आणि ‘चंद्रासाठी’ एकमेकांना ढकलतात. ‘चंद्र या बहिणीसाठी’ व्याकरणाने ठीक, पण चांदोमामा मध्ये उभा राहतोच. म्हणून इथे दुसरा उपाय, इंदू. तारे पुल्लिंगी, तर त्यांच्या जागी ‘तारका’. हा पर्यायी शब्द असला तरी वस्तू बदलत नाही, शिवाय तारका शेजारी असल्या की इंदू म्हणजे शेजारची कोणी बाई नसून चंद्र आहे हेही उलगडते.

> स्तुती असो तुझी, प्रभो, बहीण इंदूसाठी आणि तारकांसाठी:
> आकाशात तूच त्या घडवल्या, तेजाळ, मोलाच्या, देखण्या.

मुळात इथली तिन्ही विशेषणे स्त्रीलिंगी अनेकवचनी आहेत. मराठीत ‘तेजाळ’ बदलत नाही, पण ‘मोलाच्या’ आणि ‘देखण्या’ बदलतात, म्हणून बहिणी ऐकू येतात. ‘तू त्या घडवल्यास’ असे लिहायचा मोह होईल. व्याकरणाने ते बरोबर आहे, पण वाचक ते ‘जर घडवल्या तर’ असे वाचतो. म्हणून ‘तूच त्या घडवल्या’.

पाणी. मुळात पाण्याला चार विशेषणे आहेत: उपयोगी, नम्र, मौल्यवान, शुद्धशील. त्यांतली पहिली दोन मूळ भाषेत दोन्ही लिंगांत सारखीच, शेवटची दोन स्पष्ट स्त्रीलिंगी. योगायोगाने मराठीतही ‘उपयोगी’ आणि ‘नम्र’ बदलत नाहीत. मग तिसऱ्या जागी बदलणारे विशेषण ठेवले की पुरे:

> स्तुती असो तुझी, प्रभो, पाणी या बहिणीसाठी:
> ती फार उपयोगी, नम्र, मोलाची, निर्मळ.

‘मौल्यवान’ घेतले असते तर ओळीत ‘ती’खेरीज बाईपणाची खूण उरली नसती. शेवटच्या विशेषणाला ‘पतिव्रता’, ‘कुमारी’ असले शब्द टाळा. ‘निर्मळ’ पाण्यालाही लागतो आणि मनालाही, त्यामुळे दोन्ही अर्थ शांतपणे नांदतात.

धरणी जुळते, पण तिला दोन नाती आहेत आणि बरेच जण त्यातले एक गाळतात. मराठीत धरणीमाता इतकी ओळखीची की बहीण आपोआप गळून पडते. ‘आमची बहीण, आमची आई धरणी’ असे दोन्ही लिहा. एकीच बहीण आणि आई कशी, हे कोडे मुळातच आहे, ते तुम्ही सोडवू नका.

मृत्यू. इथे पहिला उपाय पुरतो, पण शब्द बदलून. ‘मृत्यू’ऐवजी ‘मरण’ घ्या. ते नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे मागे यम उभा राहत नाही, आणि पाण्याप्रमाणेच त्याला बहीण म्हणणे सोपे जाते:

> स्तुती असो तुझी, प्रभो, देहाचे मरण या आमच्या बहिणीसाठी:
> तिच्या हातून जिवंत माणूस एकही सुटत नाही.

‘तिच्या हातून’ हे मुळात नाही, तिथे फक्त ‘जिच्यापासून’ आहे. पण ‘तिच्यापासून कोणी सुटत नाही’ हे मराठीत व्याधीविषयी बोलल्यासारखे वाटते. हात आले की व्यक्ती दिसते, आणि व्यक्तिरूप टिकवणे हेच इथले काम आहे, म्हणून एवढी मोकळीक मी घेईन.

तपासणी: ‘आमची’ हा शब्द कुठे आला आहे ते पाहा. मुळात तो धरणी आणि मृत्यू या दोघींनाच लागतो. जवळीक वाढावी म्हणून सगळ्यांनाच ‘आमचा’, ‘आमची’ लावले, तर जन्म देणारी आणि नेणारी यांच्यासाठी कवीने राखून ठेवलेला शब्द वाया जातो.

## टप्पा 5: लिंगाची साखळी शेवटपर्यंत तपासा

बहुतेक भाषांतरे नामावर घसरत नाहीत, चौथ्या-पाचव्या ओळीत घसरतात. पहिल्या ओळीत बहीण झालेला चंद्र पुढे ‘उगवतो’, कारण लिहिताना कान सवयीने जुन्या लिंगाकडे वळतो. म्हणून पूर्ण मसुद्यावर पेन्सिल घेऊन बसा आणि लिंग दाखवणारी प्रत्येक जागा अधोरेखित करा.

मराठीत या जागा कोणत्या? तृतीयपुरुषी वर्तमानकाळ (येतो, येते), भूतकाळ (आला, आली), आकारान्त विशेषणे (देखणा, देखणी), ‘चा-ची-चे’, आणि सर्वनामे. ‘त्याला’ हे रूप पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी दोघांचेही आहे, त्यामुळे पाण्याबद्दल नकळत ‘त्याला’ लिहिले जाते आणि डोळ्यांना चूक दिसत नाही. ‘तिला’ शोधा. सापडत नसेल तर बहीण तिथे हरवली आहे.

जिथे लिंग दिसायला नको असेल, तिथे लपायच्या जागाही याच भाषेत आहेत. भविष्यकाळात ‘येईल’ दोघांनाही चालते. ‘आहे’ काही सांगत नाही. नम्र, सुंदर, निर्मळ, उज्ज्वल ही विशेषणे स्थिर राहतात. आणि सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जाते: ‘चंद्राने रात्र उजळली’ यात ‘उजळली’ रात्रीची, चंद्राचे लिंग झाकलेलेच. मूळ कवीने वस्तूचे रूप पहिल्या कडव्यात झाकून शेवटी उघड केले असेल, तर या जागांशिवाय तुमचे चालणार नाही. व्यक्तिरूप ठसवायचे असेल, तर नेमक्या याच जागा टाळा.

इशारा: प्रत्येक शब्दात स्त्रीलिंग ओतू नका. दर ओळीत एक स्पष्ट खूण पुरते. ‘तेजस्विनी, मूल्यवती, सुंदरी इंदू’ असे लिहिले की ती बहीण न राहता संगीत नाटकातली नायिका होते.

## टप्पा 6: नाते बदलायचे कधी

कधी कधी वाचकच वेगळा असतो. हेच स्तोत्र पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी करायचे असेल, तर त्यांच्यासमोर चांदोमामाला बाजूला सारून इंदू आणण्यात अर्थ नाही. तिथे सूर्यदादा आणि चांदोमामा घ्यावेत. भावंडांची रचना मोडते, पण घर मोडत नाही: धरणी आई असेल तर आईचा भाऊ मामाच. मुलांना ते न सांगता कळते. फक्त हे रूपांतर आहे, भाषांतर नव्हे, हे शीर्षकाखाली स्पष्ट लिहा.

मोठ्यांसाठीच्या भाषांतरात मात्र नाते बदलण्याआधी सगळी जोडी एकदम हलवता येते का ते पाहा. एकट्या चंद्राला भाऊ करून सूर्याला भाऊच ठेवणे हा सर्वांत वाईट तोडगा, कारण त्यात मुळातले नाते जाते आणि नवे काही जुळत नाही. दोघांचे लग्न असलेल्या कवितेत तर अशाने गोष्टच उरत नाही.

तळटीप द्यायची का? लिंगाचा भार कवितेत आणता आला असेल तर नको. आणता आला नसेल तर एका वाक्याची टीप द्या: ‘मूळ भाषेत चंद्र स्त्रीलिंगी आहे आणि कवी त्याला बहीण म्हणतो.’ त्याहून लांब टीप लिहावी लागत असेल, तर टप्पा 3 कडे परत जा.

## छापायला देण्याआधी

मूळ कविता न वाचलेल्या कोणाला तरी मसुदा मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही फक्त ऐका. वाचणारा ‘बहीण इंदूसाठी’पाशी अडखळला, तर त्या ओळीत तारका आणखी जवळ आणा. ‘देहाचे मरण’पाशी थांबला, तर ते थांबणे शब्दामुळे आहे की अर्थामुळे, ते विचारा. अर्थामुळे असेल तर ओळ तशीच राहू द्या. मग त्याला एवढेच विचारा: यात भाऊ किती आणि बहिणी किती? तारका बहीण इंदूसोबत मोजल्या, तर तीन भाऊ आणि चार बहिणी हे उत्तर यायला हवे. दुसरे काही आले, तर यादी पुन्हा समोर घ्या आणि कोणते नाम निसटले ते शोधा.